रंगांच्या हवाली केलेले दप्तर

घरातील कागदपत्रे आणि स्वयंपाकघरातील डबे-बरण्या रंगांनी लावाव्यात, या मताचा प्रसार आता नांदेड-लातूरसारख्या शहरांतील घरांपर्यंत पोहोचला आहे. ओळखपत्रे लाल फोल्डरमध्ये, शिक्षणाचे कागद निळ्या, शेतीचे हिरव्या आणि बँकेचे पिवळ्या फोल्डरमध्ये ठेवायचे, त्याच धर्तीवर डाळींच्या बरण्यांना पिवळी पट्टी, मसाल्यांना लाल आणि पिठांना पांढरी लावायची, अशी ही मांडणी असते. तिच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद असा की, डोळा अक्षर वाचण्याआधी रंग टिपतो, म्हणून रंगाने लावलेली वस्तू शोधावी लागत नाही, ती आपोआप दिसते. या युक्तिवादाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र त्यातून निघत नाही, आणि मराठवाड्यातील घरांत ज्या प्रकारचे कागद असतात आणि ज्या प्रसंगी ते बाहेर काढावे लागतात ते पाहिले, तर ही मांडणी नेमक्या अडचणीच्या वेळी दगा देते. रंगाला घरात जागा आहे, पण ती विषय सांगण्याची नव्हे. कागद किंवा धान्य किती काळ टिकवायचे आणि त्याची मुदत कधी संपते, एवढेच सांगण्याचे काम रंगाला झेपते.

पूर्वार्धापासून सुरुवात करणे न्याय्य ठरेल. ॲन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, अनेक वस्तूंच्या गर्दीत एकच वस्तू वेगळ्या रंगाची असेल, तर ती शोधायला लागणारा वेळ गर्दी वाढली तरी फारसा वाढत नाही. ती वस्तू जणू स्वतःहून पुढे येते. रंगीत फोल्डरांचे समर्थक अजाणता याच निष्कर्षाचा आधार घेतात, परंतु त्यातील अट विसरतात. शोधणाऱ्याला कोणता रंग हवा हे आधीपासून ठाऊक असले पाहिजे, आणि हवी असलेली वस्तू त्या रंगाची एकटीच असली पाहिजे. कपाटातील चार फोल्डरांतून हिरवा फोल्डर क्षणात सापडतो हे खरे, पण घरात कोणालाही हिरवा फोल्डर नको असतो. हवा असतो तो त्यातील चाळीस कागदांपैकी एक, आणि ते चाळीसही कागद पांढरेच असतात. म्हणजे रंगाने वाचवलेला वेळ हा शोधातील सर्वांत सोप्या टप्प्याचा असतो.

समर्थकांचा दुसरा आधार अधिक वजनदार आहे. सरकारी अभिलेख कक्षांतही, म्हणजे निकाली निघालेली प्रकरणे जपून ठेवण्याच्या खोल्यांतही, गठ्ठे रंगीत कापडांत बांधलेले दिसतात. जी पद्धत तहसील कार्यालयाला चालते ती घराला का चालू नये, असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्या कापडाच्या अर्थात आहे. महाराष्ट्रातील महसुली कार्यालयांत अभिलेखाचे अ, ब, क आणि ड असे वर्ग केले जातात, आणि मधले उपवर्ग सोडले तर ‘अ’ वर्गातील कागद कायमचा, ‘ब’ वर्गातील तीस वर्षे, ‘क’ वर्गातील दहा वर्षे आणि ‘ड’ वर्गातील एक वर्ष जतन करायचा असतो. गठ्ठ्याच्या कापडाचा रंग हा या वर्गाचा निदर्शक असतो. आत जमिनीचे प्रकरण आहे, अतिक्रमणाचे आहे की वारसाचे, हे कापड सांगत नाही. ते गठ्ठ्यावरील चिठ्ठी आणि नोंदवही सांगते, आणि तीही शब्दांत व क्रमांकांत. रंगाच्या वाट्याला एकच प्रश्न आलेला आहे: हा गठ्ठा नष्ट करता येईल काय, आणि केव्हा? त्या प्रश्नाची उत्तरे चार-पाचच असल्यामुळे रंग पुरतात. घरगुती मांडणीने या व्यवस्थेतून कापड उचलले, पण त्याचा अर्थ मागेच ठेवला.

हा फरक वरवरचा नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणामागे एक साधी जाणीव होती की, एका ग्रंथाला एकाच वेळी अनेक पैलू असतात आणि कोणत्याही एका खान्यात तो पूर्णपणे बसत नाही. म्हणून ग्रंथाचा क्रमांक अनेक पैलूंची चिन्हे जोडून तयार करावा. घरातील कागदाची स्थिती अगदी हीच असते. थोरल्या मुलाचे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र हा कागद व्यक्तीच्या दृष्टीने त्या मुलाचा, प्रयोजनाच्या दृष्टीने शिक्षणाचा, स्वरूपाच्या दृष्टीने दाखल्यांचा आणि आशयाच्या दृष्टीने आई-वडिलांच्या उत्पन्नाचा असतो. फोल्डरचा रंग या चारांपैकी एकच पैलू धरतो, आणि तो कोणता धरला हे फोल्डर लावणाऱ्याच्या मनात राहते. घरातील दुसरी व्यक्ती तोच कागद दुसऱ्या पैलूने शोधते, आणि सापडला नाही की तो हरवला असे समजून पुन्हा सेतू केंद्राच्या रांगेत उभी राहते.

वैद्यकीय प्रवेशाचे उदाहरण या ठिकाणी तपशिलाने पाहण्याजोगे आहे, कारण ‘लातूर पॅटर्न’मुळे या शहरात आणि त्यापाठोपाठ नांदेडमध्ये शिकवणीसाठी येणाऱ्या हजारो कुटुंबांना हा प्रसंग कधी ना कधी गाठतोच. नमुन्यादाखल निलंगा तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाची कल्पना करावी, ज्यातील मुलगा इतर मागासवर्गातून नीटद्वारे राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत उतरला आहे. त्याला नीटचे प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, दहावी आणि बारावीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, आधार, जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, असे कागद एकाच दिवशी, एकाच टेबलावर, मूळ प्रतींत दाखवावे लागतात. विषयवार रंग लावलेल्या घरात हे कागद एकाहून अधिक फोल्डरांतून काढावे लागतील. म्हणजे मांडणी ज्या घटकांत केली आहे त्या घटकांत कागद कधी वापरलेच जात नाहीत. प्रत्येक महत्त्वाच्या कामाला अनेक फोल्डर उघडावे लागतात आणि काम संपल्यावर त्या सगळ्यांत परत भरावे लागते. परत भरणे हीच या मांडणीतील सर्वांत दुबळी जागा आहे. पडताळणीहून थकून आलेल्या घरात कागद एका पिशवीत राहतात, ती पिशवी वरच्या फोल्डरमागे सरकवली जाते, आणि पुढच्या वर्षी रंग बरोबर असूनही त्याच्या आत योग्य कागद नसतो.

यापेक्षाही सूक्ष्म घोटाळा मुदतीचा आहे. जातीचे प्रमाणपत्र, वैधता प्रमाणपत्र आणि अधिवास प्रमाणपत्र हे एकदा मिळाले की नूतनीकरण मागत नाहीत. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र मात्र त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते, आणि प्रवेशासाठी ते चालू शैक्षणिक वर्षातील ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. विषयाच्या रंगात हे चारही कागद ‘दाखले’ म्हणून एकाच फोल्डरमध्ये एकमेकांना चिकटून बसतात. जूनमध्ये फोल्डर उघडून पाहणाऱ्याला प्रमाणपत्र आहे असे दिसते आणि तो निश्चिंत होतो. ते मार्चमध्येच संपले होते हे पडताळणीच्या टेबलावर कळते. कागद हरवलेला असता, तर निदान त्याची उणीव आधी जाणवली असती. या प्रमाणपत्रासाठी आई-वडिलांचे मागील तीन आर्थिक वर्षांचे उत्पन्न पाहिले जात असल्यामुळे, आर्थिक वर्ष संपताच एप्रिलमध्ये अर्ज करणे हा शहाणपणाचा मार्ग असतो, कारण जून-जुलैत निकाल लागल्यावर सारा जिल्हा एकाच वेळी त्या रांगेत येतो. एप्रिलची ही आठवण निळा किंवा हिरवा रंग करून देऊ शकत नाही. मुदत असलेले सगळे कागद, मग ते शिक्षणाचे असोत, उत्पन्नाचे असोत की वाहनाच्या विम्याचे, एकाच रंगाच्या एका पातळ फोल्डरमध्ये असतील आणि तो फोल्डर दर मार्चअखेरीस उलगडून पाहण्याचा रिवाज असेल, तर ती आठवण होते.

अभिलेख कक्षाकडून घरांनी घेण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे, आणि तिला रंगाची गरजच नाही. गठ्ठ्यातून प्रकरण बाहेर गेले की त्याच्या जागी चिठ्ठी राहते: कोणी नेले, कधी नेले, कशासाठी नेले. प्रवेशानंतर मूळ कागद महाविद्यालयात जमा होतात, आणि ते कधीकधी अभ्यासक्रम संपेपर्यंत तेथेच राहतात. दोन वर्षांनी धाकट्या बहिणीच्या जात वैधतेसाठी भावाचे वैधता प्रमाणपत्र लागते, कारण रक्तनात्यातील व्यक्तीची वैधता हा समितीपुढे मोलाचा पुरावा असतो. त्या वेळी फोल्डरमध्ये केवळ रिकामी जागा असते, आणि रिकामी जागा हरवलेला कागद व बाहेर दिलेला कागद यांतील भेद सांगत नाही. झेरॉक्स प्रतीवर ‘मूळ प्रत महाविद्यालयात, अमुक तारखेपासून’ एवढे पेनाने लिहून ती त्या जागी ठेवली, तर प्रश्नच उरत नाही.

जात वैधतेच्या याच प्रकरणाने विषयवार रंगांच्या मांडणीतील सर्वांत मोठा धोका उघड केला आहे, आणि तो मराठवाड्यात इतर कोठल्याहीपेक्षा अधिक आहे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख आहे, म्हणजे त्या तारखेच्या आधीपासून कुटुंबाची जात आणि वास्तव्य दाखवणारा पुरावा समिती मागते. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी ती २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आहे. नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा ज्यात येतो तो प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या काळातील शाळेची, जमिनीची आणि सावकारीची कागदपत्रे उर्दूत किंवा मोडीत आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातील जुनी दप्तरे तपासायला घेतली, आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटिअरच्या आधारे शासन निर्णय निघाला, तेव्हा ही कागदपत्रे वाचणाऱ्या माणसांचा तुटवडा सर्वांनाच जाणवला. आता विषयवार रंगांनी घर लावणाऱ्यापुढे असा एक पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, न वाचता येणारा कागद आला, तर तो कोणत्या रंगात जाईल? विषय कळत नाही, म्हणून रंग ठरत नाही. रंग ठरत नाही, म्हणून तो ‘इतर’ नावाच्या पिशवीत जातो. आणि ‘इतर’ची पिशवी ही दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत जाणारी पहिली वस्तू असते. जो कागद वर्गात बसत नाही तो फेकण्याची सवय ही पद्धत लावते. याउलट, मुदतीच्या हिशेबाने विचार करणाऱ्याला कागद वाचता येण्याची गरजच नसते. जुना आहे, त्यावर शिक्का किंवा सही आहे, नवी प्रत मिळण्याची खात्री नाही, एवढ्यावरून तो ‘कायम’ वर्गात जातो, आणि वाचणारा भेटेपर्यंत तेथे सुखरूप राहतो.

शेतीच्या हिरव्या फोल्डरचीही हीच कथा आहे, मात्र उलट्या बाजूने. त्यात खरेदीखत, फेरफाराच्या नकला, सहकारी सोसायटीचे बेबाकी प्रमाणपत्र, पीकविम्याची पावती आणि सातबाराच्या सात-आठ संगणकीय प्रती असतात. खरेदीखत पिढ्यान्‌पिढ्या जपायचे. सातबारा मात्र आता डिजिटल स्वाक्षरीसह केव्हाही काढता येतो आणि बँकेला ताजाच हवा असतो, त्यामुळे जुन्या संगणकीय प्रती म्हणजे केवळ जाडी. हस्तलिखित जुने सातबारे आणि फेरफार यांची गोष्ट अर्थातच वेगळी. तेथे नोंद कोणाच्या नावावरून कोणाकडे कशी गेली याचा माग असतो. पीकविम्याची पावती या सर्वांहून निराळी वागते: पीकविमा योजनेत स्थानिक आपत्तीच्या नुकसानीची सूचना बहात्तर तासांत देण्याची अट लागू असेल, तर खरिपाच्या हंगामात अर्जाचा क्रमांक आणि गट क्रमांक हाताशी असावा लागतो, आणि दावा निकाली निघाल्यावर त्याच पावतीचे महत्त्व जवळजवळ संपते. एका विषयाच्या कागदांची आयुष्ये इतकी भिन्न असताना त्यांना एकाच रंगात बांधणे म्हणजे ज्याची घाई आहे तो कागद ज्याची घाई नाही त्याच्याखाली दाबणे होय. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील अतिवृष्टीत पाणी घरांत शिरले तेव्हा हाताला लागेल ते उचलून माळ्यावर टाकण्यापलीकडे कोणाला उसंत नव्हती. अशा वेळी ‘कायम’चा एकच गठ्ठा असणे आणि मौल्यवान कागद चार रंगांत विखुरलेले असणे, यांतील अंतर स्पष्टीकरण मागत नाही.

रंग अर्थाला धरून राहत नाही, याचा दाखला प्रत्येक घरातील शिधापत्रिकेतच आहे. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तिरंगी शिधापत्रिका लागू झाली, आणि रंगाने उत्पन्नाचा स्तर सांगावा हा तिचा हेतू होता. तीन स्तर, तीन रंग. इथवर व्यवस्था निर्दोष होती. पुढे २०१५ मध्ये मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांसह राज्यातील चौदा आपत्तिग्रस्त जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना सवलतीचे धान्य मिळू लागले, जे शेजारच्या केशरी कार्डाच्या दुकानदाराला मिळत नव्हते, आणि २०२३ मध्ये त्या धान्याऐवजी रोख रक्कम देण्याचा निर्णय झाला. कार्डाचा रंग तोच राहिला, हक्क मात्र दोनदा बदलला, आणि तो कळण्यासाठी कार्डाच्या आत लिहिलेले वाचणेच भाग पडले. शासनासारख्या यंत्रणेला रंगाचा अर्थ पंचवीस वर्षे स्थिर ठेवता आला नाही, तर फोल्डर लावणाऱ्या एका गृहिणीचा किंवा तिच्या मुलीचा संकेत ती सासरी गेल्यावर टिकेल, ही अपेक्षा भाबडी आहे.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. ज्यांना वाचता येत नाही अशा वृद्धांना रंगांचाच आधार असतो, असे म्हटले जाते. आक्षेपामागील कळकळ मान्य, परंतु निरक्षर आजीला स्वयंपाकघरात काहीच सापडत नाही असे कोणत्या घरात आढळते? ती जागेने ओळखते, डब्याच्या आकाराने आणि वजनाने ओळखते, झाकण उघडून वासाने ओळखते. तिच्यासाठी काही करायचेच असेल, तर डब्यांच्या जागा न बदलणे हा सर्वांत मोठा उपकार होय. रंगीत पट्ट्या लावण्याच्या उत्साहात फळीवरचा क्रम मात्र हमखास बदलला जातो, आणि आजीची चाळीस वर्षांची ओळख एका दुपारी पुसली जाते.

स्वयंपाकघराकडे वळल्यावर पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, ज्या बरण्यांवर रंगीत पट्ट्या सर्वाधिक शोभून दिसतात त्या पारदर्शक असतात, म्हणजे ज्यांना चिठ्ठीची गरज सर्वांत कमी आहे त्याच. मूग, मसूर, शेंगदाणे, साबुदाणा हे स्वतःची ओळख स्वतः देतात. गफलत होते ती परस्परांसारख्या दिसणाऱ्या वस्तूंत: पिठीसाखर आणि मैदा, मीठ आणि बारीक साखर, तांदळाचे पीठ आणि ज्वारीचे पीठ, येसूर आणि काळा मसाला. रंगाची मांडणी नेमक्या याच जोड्यांना एकच रंग देते, कारण त्या एकाच गटात मोडतात. दोन्ही पिठांना पांढरी पट्टी, दोन्ही मसाल्यांना लाल. जेथे डोळा फसतो तेथे रंग त्याच्यासोबत फसतो. अशा ठिकाणी ठळक अक्षरांत पूर्ण नाव लिहिण्याला पर्याय नाही.

ते नाव कोठे लिहावे, हाही दुर्लक्षित प्रश्न आहे. फोटोत छान दिसावी म्हणून चिठ्ठी झाकणावर चिकटवली जाते, आणि एका मापाच्या सहा बरण्या एकत्र धुतल्या की झाकणांची अदलाबदल होते. साखरेचे झाकण मिठावर बसते, आणि चुकीची चिठ्ठी ही चिठ्ठी नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर विश्वास ठेवून कोणी चाखून पाहत नाही. चिठ्ठी डब्याच्या अंगावरच हवी. उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या या जिल्ह्यांत कागदी स्टिकरचा गोंद पाझरतो, कडा वळतात आणि तेलकट बोटांनी त्या काळवंडतात. शिवाय छापील रंगांत पिवळा आणि किरमिजी हे काळ्यापेक्षा लवकर उडतात, म्हणून खिडकीजवळच्या फळीवर वर्षभरात केशरी आणि पिवळ्यात भेद उरत नाही. स्टीलच्या डब्यावर मार्करने लिहिलेले काळे अक्षर पुसले गेले, तर पुन्हा लिहिता येते. फोल्डरांच्या बाबतीतही साहित्याचा विचार रंगाआधी करावा: मऊ पीव्हीसीच्या चकचकीत पिशव्यांना झेरॉक्सची शाई चिकटून उचलली जाते, आणि उष्णतेने छापलेल्या पातळ पावत्या त्यांत अधिकच लवकर कोऱ्या होतात. अशा पावतीची खरेदीच्याच दिवशी झेरॉक्स काढणे हा एकमेव उपाय आहे.

लातूर ही तुरीची मोठी बाजारपेठ, आणि येथील अनेक घरांत वर्षाची डाळ एकदाच, नवा माल आल्यावर भरली जाते. अशा घरातील खरा प्रश्न तूर डाळ कोठे आहे हा नसतो. तो डबा उचलतानाच कळतो. प्रश्न असतो जुनी कोणती आणि नवी कोणती. डब्याच्या तळाशी मागच्या वर्षीची दोन किलो शिल्लक असताना त्यावर नवी ओतली जाते, वरचीच आधी वापरली जाते, आणि तळाची डाळ दुसरा उन्हाळाही काढते. कडधान्यांत भुंग्याची एक पिढी उबदार हवेत साधारण महिन्याभरात पुरी होते, म्हणून तळाशी राहिलेल्या अखंड तुरीत किंवा मुगात बारीक गोल छिद्रे आणि पिठासारखी भुकटी दिसू लागली, की तोवर नव्या मालालाही लागण झालेली असते. डाळीला एरंडेल चोळणे, कडुलिंबाचा पाला घालणे, ऊन देणे हे उपाय माहीत असलेल्या घरातही ही चूक होते, कारण उपाय नव्या मालाला केले जातात आणि जुन्याला वगळले जाते. येथे रंगाला त्याचे खरे काम मिळते. यंदाच्या भरणीला एका रंगाची पट्टी, मागील वर्षीच्या शिल्लक मालाला दुसरी, आणि दुसऱ्या पट्टीचा डबा रिकामा झाल्याशिवाय पहिला उघडायचा नाही, एवढा एकच नियम. पट्टीवर भरल्याचा महिना लिहिला, तर बाजरीचे पीठ, शेंगदाण्याचा कूट आणि कारळाची चटणी यांनाही तोच नियम लावता येतो, कारण त्यांतील तेल खवट होण्याचा वेग वेगळा असला तरी विचारायचा प्रश्न एकच आहे.

शेतकरी घरात याहून कडक सावधगिरी आवश्यक ठरते. कीटकनाशकांच्या डब्यांवर १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अतिविषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे किंचित विषारी. या भाषेत पिवळा हा धोक्याचा दुसरा क्रमांक आहे, आणि हिरव्याचाही अर्थ निर्धोक असा नाही. त्याच घराच्या स्वयंपाकघरात पिवळी पट्टी म्हणजे डाळ आणि हिरवी म्हणजे सुका भाजीपाला असा संकेत रुजवणे, आणि तो लहान मुलांना कौतुकाने पाठ करून घेणे, हे दोन परस्परविरोधी संकेत एका छपराखाली नांदवणे आहे. शेतघरात बियाण्याला लावायचे औषध, धान्यात टाकायच्या गोळ्या आणि झुरळांसाठी आणलेली बोरिक पावडर एकाच कोठीत असतात, आणि बोरिक पावडर तर पिठासारखीच पांढरी दिसते. अशा वस्तूंना स्वयंपाकाच्या बरणीत जागाच नको. मूळ वेष्टनातून त्या कधीही काढू नयेत.

रंग सर्वांना सारखा दिसत नाही, हे शासनाच्या खाद्य नियामकांनाही मान्य करावे लागले आहे. शाकाहारी पदार्थावर हिरवे आणि मांसाहारी पदार्थावर तपकिरी वर्तुळ असे चिन्ह वर्षानुवर्षे होते. लाल-हिरव्या छटा वेगळ्या न दिसणाऱ्या लोकांना ही दोन वर्तुळे एकसारखीच भासतात, म्हणून २०२० च्या लेबल नियमांत मांसाहाराच्या चिन्हासाठी वर्तुळाऐवजी त्रिकोण आला. हा दोष वाहून नेणारी जनुके एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो, आणि अनेकांना तो स्वतःला आहे हे ठाऊकही नसते. ज्या चिन्हात केवळ दोनच अर्थ होते तेथेही रंगाच्या जोडीला आकार द्यावा लागला. चार रंगांच्या फोल्डरांना मग काय जोडावे लागेल, हे समर्थकांनीच सांगावे.

मुदतीसाठी वापरलेल्या रंगालाही मर्यादा आहे, आणि ती लपवण्याचे कारण नाही. डब्यांच्या बाबतीत दोन रंग पुरतात. तिसऱ्या वर्षी पहिला रंग परत येतो, आणि दोन वर्षांपूर्वीचा एखादा डबा कोठीत मागे राहिला असेल, तर तो नव्यासारखा दिसतो, म्हणून पट्टीवर वर्ष लिहिणे टाळता येत नाही. कागदांच्या बाबतीत ‘कायम’ आणि ‘मुदतीचे’ हे दोन वर्ग बहुतेक घरांना पुरेसे होतात, आणि प्रत्येक व्यक्तीच्या पाकिटावर तिचे पूर्ण नाव असले, की प्रवेशाच्या दिवशी एकच पाकीट आणि मुदतीचा फोल्डर एवढे उचलून निघता येते. सामाईक कागद, म्हणजे खरेदीखत, शिधापत्रिका, वीजबिल आणि ते न वाचता येणारे उर्दू-मोडीतील कागद, घराच्या नावाच्या पाकिटात राहतात. या सगळ्याची एक यादी दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर असावी: कागदाचे नाव, क्रमांक, कोणाच्या पाकिटात, मुदत कधीपर्यंत, बाहेर कोठे दिला. ही वही काळ्या किंवा निळ्या बॉलपेनने लिहावी, जेलपेनने किंवा रंगीत स्केचपेनने नव्हे, कारण त्यांतील पुष्कळशा शाया पाण्याचा थेंब पडताच पसरतात.